येताना उजव्या हाताला

बाबूराव वाकोडे यांना आयुष्यात कोणी खोटारडा म्हटलेलं नव्हतं. हट्टी म्हटलं होतं, चिक्कू म्हटलं होतं, युनियनच्या सभेत मधेच उठून बोलतो म्हणून दोन-चार जणांनी बाही धरून खालीही बसवलं होतं. पण खोटारडा, कधी नाही. आणि आता सत्तरीला टेकल्यावर तळहातात मावेल एवढं एक यंत्र त्यांना ते म्हणत होतं, आणि तेही तोंडातून शब्द न काढता.

झालं होतं असं. खजूरखेडी हे बाबूरावांचं गाव सांवेर रोडच्या मागे, शेतांमध्ये दडून बसलेलं. मिल बंद पडली, पाठोपाठ बायको भीमाबाई गेली, आणि मुलगा संघदीप त्यांना इंदूरला आपल्या घरी घेऊन आला. त्यानंतर गावी जाणं लग्नकार्यापुरतंच उरलं. एक दिवस तुकोगंजच्या कुठल्याशा संस्थेतून कस्तुरी नावाची मुलगी घरी आली. मूळची साताऱ्याकडची, भूगोल शिकलेली. ती म्हणाली, खजूरखेडीचा नकाशा करायचाय आणि तो आम्ही नाही, गावातल्या जुन्या माणसांनी काढायचाय. तळी, विहिरी, चराई, झाडं, वाटा, सगळं. नकाशा ग्रामसभेपुढे जाणार, आणि ज्या विहिरी त्यात असतील त्यांचा गाळ या उन्हाळ्यात निघणार. बाबूरावांनी चहा अर्धा सोडून विचारलं, की मिलवाल्यांची विहीर पण निघेल का. नकाशात आली तर निघेल, असं ती म्हणाली. तेवढ्यावर बाबूरावांनी कपाटातला धुतलेला पायजमा काढून ठेवला.

या विहिरीची गोष्ट सांगायलाच हवी. वस्तीतल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नसे. ज्या वर्षी धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या मिल कामगारांनी ठरवलं की आता मागायचं नाही, आपली आपण खोदायची. पाळी सुटली की घरी न जाता सगळे थेट पहारी घेऊन उतरायचे. बाबूराव तेव्हा मिसरूड फुटलेले, स्पिनिंग खात्यात नुकतेच लागलेले. पाणी लागलं त्या दिवशी त्यांच्या बापाने चिखलाचं बोट सगळ्यांच्या कपाळाला लावलं होतं. पुढे वस्तीत हातपंप आला, तिकडे जाणं सुटलं, मधली वाट कारखान्यांनी खाल्ली. विहीर आहे की गेली हेही कोणाला नक्की सांगता येईना.

कार्यशाळा शाळेच्या पटांगणात झाली. कागद नाही, टेबल नाही. जमीन सारवलेली, आणि कडेला गेरू, रांगोळी, नीळ, भुसा, कडुनिंबाचे डहाळे मांडलेले. सूर्य कुठे उगवतो ते विचारून कस्तुरीने उत्तर दिशेचा बाण काढून घेतला, हातातली काठी म्हाताऱ्यांच्या हातात दिली आणि स्वतः मागे जाऊन बसली. तिचा नियमच तो होता. माणसं चुकली तरी मधे बोलायचं नाही, त्यांचं त्यांना भांडू द्यायचं. आणि म्हातारे भांडलेही मनसोक्त. मांगीलाल पटेलांनी आपल्या मंदिराचा भलामोठा गोल काढला, तर बाकीच्यांनी त्याची रांगोळी पुसून लहान केली. बायकांनी वेगळा नकाशा काढला, त्यात जळणाच्या जागा होत्या, चिंचा होत्या, पण मिलवाल्यांची विहीर नव्हती. त्या सगळ्या हातपंपानंतर लग्न होऊन आलेल्या. विहिरीवरून घागर भरून आणणाऱ्यांपैकी एकही जिवंत नव्हती.

विहिरीची पाळी आली तेव्हा बाबूराव काठी घेऊन वस्तीजवळ उभे राहिले. नाल्यावरच्या फरशी पुलापासून त्यांनी मिलची वाट ओढली, शेतं ओलांडत इंदूरच्या दिशेने, आणि अर्ध्यावर थांबून उजव्या हाताला निळीची चिमूट सोडली. तुकोजी म्हणाले, बरोबर, उजव्या हाताला. आणखी दोघे मान हलवून उजवाच हात म्हणाले. चौघेही मिलचे. मांगीलाल पटेल मात्र म्हणाले, "भिया, वो तो फैक्टरी में दब गई. काहे को मेहनत करते हो?" बाबूरावांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी सगळं जसंच्या तसं मोठ्या कागदावर उतरवलं गेलं आणि ऑफिसात गेलं. तिथे यतीन नावाचा पोरगेला इंजिनियर संगणकावर बसायचा. म्हाताऱ्यांच्या नकाशाला प्रमाण नसतं. जे जवळचं ते मोठं, जे नावडतं ते लहान. म्हणून शाळा, मंदिर, फरशी, चौक अशा सहज सापडणाऱ्या जागांची ठिकाणं जीपीएस यंत्राने आधी घ्यायची आणि कागदाचं चित्र त्या जागांवर बसेपर्यंत ताणायचं. मग एकेक विहीर, एकेक झाड टिपून घ्यायचं. आणि हे झालं तरी नकाशा पक्का होत नाही. प्रत्येक जागी पायी जाऊन बघावं लागतं. जागेवर मिळालं तर ठिपका कायम, नाहीतर 'लोकांच्या आठवणीत' अशी नोंद. आठवणीतल्या विहिरीचा गाळ कोणी काढत नाही.

तपासणीला कस्तुरी यंत्र घेऊन निघाली, आणि बाबूराव न बोलावता पुढे झाले. तलाई म्हणजे गावचं लहान तळं मिळालं, जुनी पायऱ्यांची बावडी मिळाली, चराईची हद्दसुद्धा मिळाली. मग मिलची वाट लागली. वाट म्हणजे आता दोन कुंपणांमधली बोळ. मध्यावर यंत्राने उजवीकडे वळायला सांगितलं आणि पुढे उभी होती कारखान्याची भिंत. ठिपका भिंतीच्या बराच आत दाखवत होता. दहा-पंधरा मीटरची चूक हे यंत्र स्वतःच कबूल करतं, पण ही तेवढ्याने सुटणारी नव्हती. फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, पाया खोदताना मी इथेच होतो, काळी माती सोडून काही निघालं नाही, विहीर तर इथे नव्हतीच.

दबली असती तर बाबूरावांनी सोसलं असतं. कारखान्याला शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण हा तर नव्हतीच म्हणत होता. चिखलाचं बोट, पहारी, सगळंच मग संशयात आलं. कस्तुरीने त्यांना भिंतीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. तिला कागदावर 'आढळली नाही' असं लिहायचं होतं आणि तिचा हात होत नव्हता, हे त्यांना दिसत होतं.

"लिही बेटा," ते म्हणाले. "डोकं खराब झालं असेल माझं. उमर झाली आता."

थोड्या वेळाने दोघे परत फिरले. कस्तुरी मागे, यंत्र बंद करून पिशवीत टाकलेलं. बाबूराव पुढे, मान खाली. ऊन कलायला लागलं होतं. पहिली पाळी सुटली की बरोबर याच उन्हात ते या वाटेला लागत असत. खात्यात दिवसभर कापसाची धूळ, कानात सूत कातणाऱ्या चात्यांचा आवाज, आणि बाहेर पडल्यावर हा मोकळा वारा. वाटेने चालताना ते हळूहळू विहिरीचं विसरले आणि त्यांना त्या चालण्याचंच आठवायला लागलं. बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगा.

कुंपण संपलं आणि एका जागी त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी काढली, बोटांनी केसांतला कापूस झटकला. कापूस बारा वर्षं नव्हता. झटकण्याची सवय मात्र जागची हलली नव्हती. आणि त्याबरोबर पाय वाट सोडून उजवीकडे वळले.

चार पावलांवर ते थांबले. मागे वळून इंदूरच्या बाजूला बघितलं, मग पुढे गावाकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. कस्तुरीने विचारलं, काका, काय झालं. बाबूराव तसेच बाभळींत घुसले.

कोणीतरी शेळ्या पडू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण रचून ठेवलं होतं. गुराखी तिला खड्डा म्हणत असणार. काटे बाजूला केले तर आत काळ्या दगडाची गोल घडण, एका बाजूची ढासळलेली, आणि तळाशी पालापाचोळ्याखाली ओल. बाबूराव काठावर बसले. काठाच्या एका दगडाला दोरीने पाडलेल्या खाचा होत्या, त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

कस्तुरी यंत्र काढून उभी राहिली, उपग्रह सापडायची वाट बघत. आता तिच्या लक्षात येत होतं. नकाशा काढताना बाबूराव गावात उभे होते आणि वाट गावातून मिलकडे ओढली होती. तशी बघितली तर विहीर डाव्या हाताला येत होती. तिने ते सांगितलं, आणि म्हणाली, पण काका, तुम्ही चौघांनी एकमताने उजवा हात सांगितला.

बाबूराव वाटेकडे तोंड करून बसले. मग सांगायला लागले. जाताना अंधार असायचा. भोंगा झाला की धावायचं, उशीर झाला तर फाटक बंद, दिवस गेला. जाताना कोणी इकडेतिकडे बघत नसे. येताना सगळे इथे थांबायचे, हातपाय धुवायचे, पाणी प्यायचे. बाकीचे पुढे निघून जायचे. बाबूराव एकटे मागे राहायचे.

कस्तुरीने विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. घर एका खोलीचं, त्यात आई-बाप, दोन भाऊ, एक बहीण. नव्या सुनेने नवऱ्याशी बोलायचं ते पाणी वाढताना, आणि तेही खाली बघून. भीमाबाई याच वेळेला घागर घेऊन इथे यायची. घागर भरायला लागतो त्यापेक्षा जास्तच वेळ लागायचा. सासूने एकदा विचारलं, विहीर आटली काय गं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांचा सगळा संसार या काठावर बोलून झाला. पोराचं नाव इथे ठरलं. मिल अडचणीत आहे हेही त्यांनी तिला आधी इथेच सांगितलं, तेव्हा हातपंप येऊन बरेच दिवस झाले होते, तरी ती त्या दिवशी घागर घेऊन आली होती.

"जाताना मी कधी बघितलीच नाही बेटा ही विहीर," बाबूराव म्हणाले. "बघायचं जे होतं ते येतानाच होतं ना."

यंत्राने ठिकाण पकडलं. कस्तुरीने ते टिपून घेतलं आणि 'आढळली' असं लिहिलं. मग ती पण काठावर बसली. खालच्या ओलीकडे बघत दोघांनी बाटलीतलं उरलेलं पाणी वाटून घेतलं.

पुढच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावला तेव्हा मांगीलाल पटेल बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते, आणि मग खाली बसले. निळा ठिपका मिलच्या वाटेच्या दुसऱ्या बाजूला गेलेला होता. गाळ काढायच्या विहिरींमध्ये तिचं नाव आलं. तुकोजींना गुडघ्यांमुळे उठता येईना, तर ते बसूनच ओरडले की अरे, ही डाव्या हाताला कशी.

बाबूराव उठले, नकाशापाशी गेले. पाठ गावाकडे करून उभे राहिले, मग सगळ्यांच्या देखत सावकाश वळले आणि मिलकडून गावाकडे तोंड केलं.

"आता बघ," ते तुकोजींना म्हणाले. "घरी येतोय ना आपण."