वक्ता १

बॉयलर फुटायच्या आठ दिवस आधी सेफ्टी ऑफिसरने कामगारांपुढे भाषण केलं होतं. चौकशी समितीसाठी त्या रेकॉर्डिंगची लेखी प्रत मला करायची होती. मशीनने काढलेला मजकूर म्हणजे नुसता लगदा. विरामचिन्हं नाहीत, ‘व्हॉल्व्ह’चं ‘वॉल’ झालेलं, आणि सभेतला जो कोणी बोलेल तो ‘वक्ता १’, म्हणजे ऑफिसर!

आवाज ओळखायला समितीने कारखान्यातल्या फिटरला माझ्या शेजारी बसवलं. त्याचा धाकटा भाऊ त्या स्फोटात गेला होता. वाक्य ऐकून कोण बोलतंय ते तो फिटर सांगायचा, मी नावाचं लेबल लावायची.

“साहेब, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय.”

“हा आमचा धाकटा,” तो म्हणाला.

पुढची ओळ त्याने स्क्रीनवर आधीच वाचली: “काही होत नाही रे, महिनाभर चालेल.” समोर ‘वक्ता १’.

“ह्याच मेल्या ऑफिसरने मारलं त्याला!”

मी हेडफोन त्याच्याकडे दिला. त्याने ती ओळ तीनदा ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला.

सकाळपासून ह्या शेजारच्या फिटरचा आवाज माझ्या कानात होता, त्यामुळे ती ओळ कोणाची ते मलाही कळलं होतं. ऑफिसर काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. राहू दे तसंच, कोण तपासतंय, असं अगदी ओठांवर आलं.

“खोडा ते,” तो म्हणाला. “माझं नाव घाला.”

मी घातलं.

“प्रत घरी येणार ना?”

“हो, स्फोटात गेलेल्या सगळ्यांच्या.”

“आईला वाचता येत नाही,” तो म्हणाला. “मलाच वाचून दाखवावी लागेल.”