फक्त रोमन

मराठी मालिकांच्या आमच्या ॲपवर प्रत्येक मालिकेचं नाव, माहिती आणि शोधशब्द भरायचे, हे चिंचवडच्या ऑफिसातलं माझं काम. मध्यंतरी आमच्या शार्दूलसाहेबांनी फर्मान काढलं, "सुखदा, देवनागरी काढ. सगळं फक्त रोमनमध्ये. लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, रिपोर्ट बघ." मी तणतणले, पण काढली.

पुढे 'आडतीवरच्या बाया' सपशेल आपटली. चाकणच्या कांदा बाजारातल्या बायकांची मालिका. त्यात मुख्य काम शालनबाईंचं, आणि त्यांची स्वतःचीही तिथे आडत आहे. "प्रेक्षकच नाहीत. शुक्रवारी ॲपवरून काढू," शार्दूल म्हणाला. ही गोड बातमी द्यायला अर्थातच मला शालनबाईंच्या घरी पिटाळलं.

शालनबाईंनी ऐकून घेतलं. "बघनार कसं? कुणाला घावतच न्हाई!" त्यांनी रिमोटचं माइकचं बटण दाबलं आणि मालिकेचं नाव घेतलं. टीव्हीने ते देवनागरीत अगदी बरोबर लिहिलं. खाली उमटलं, 'काहीही सापडलं नाही'.

माझं डोकंच फिरलं. बोललेलं मराठी देवनागरीतच उमटणार, आमचा सर्च अक्षराला अक्षर जुळवणार, आणि आमच्याकडे देवनागरीचं एक अक्षर नाही!

मग रिपोर्टमध्ये हे दिसलं कसं नाही? तिथेच लॅपटॉप उघडला. ज्या शोधाला काहीच सापडत नाही, तो 'निरुपयोगी' म्हणून आमचा रिपोर्ट मोजणीतूनच वगळत होता. दाराला कुलूप घालायचं आणि वर पाहुणे येत नाहीत म्हणायचं!

विचारत बसले नाही. नाव देवनागरीत केलं. रोमनही ठेवलं, कारण टाइप करणारे आहेतच. लोक ज्या चार-पाच तऱ्हांनी ते लिहितात, त्या सगळ्या शोधशब्दांत घातल्या. मग शार्दूलला फोन लावला, स्पीकरवर.

"कुणाला विचारून केलंस? आत्ताच्या आत्ता परत रोमन कर."

"नाही करणार."

"सुखदा, ही ऑर्डर आहे."

"असू दे. वगळलेले शोध मोजून रिपोर्ट पुन्हा काढा. तोवर मी हात लावणार नाही. आणि देवनागरी नाव काढायचंच असेल, तर स्वतः काढा."

सर्चला नवी माहिती पोचायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात शार्दूल मला नोकरीवरून काढण्याच्या धमकीपर्यंत पोचला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून मोठा होता.

शालनबाईंनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी पडद्यावर त्यांचाच चेहरा आला, मागे कांद्याचा ढीग. त्या खाली बसल्या.

"महिनाभर सुनंकडनं शुद्ध बोलाया शिकत व्हते गं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, आपलंच तोंड गावंढळ. टीव्हीला कळत नसंल."

फोन अजून चालूच होता.

"ऐकलंत ना?" मी शार्दूलला म्हणाले. "आता सांगा यांना, देवनागरी नाव का काढायचं ते."