हिरव्या सोंगटीची खाच

वेणीमाधवांनी ल्यूडो सोडला त्याला कारण डोळे नव्हते, दया होती. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत शेजारपाजारचे जमले आणि त्यांनी चुकून दुसऱ्याची सोंगटी उचलली, तर कुणी काही बोलले नाही. उलट त्यांचा फासा पाच पडला असताना कुणीतरी "सहा, सहा" म्हणाले. काचबिंदूने त्यांची नजर कडेने खात आणली होती, कान मात्र शाबूत होते. फाशाचा आकडा सांगणाऱ्याच्या आवाजातली साखर त्यांना कळली. डाव अर्धा टाकून ते उठले.

"गोदा, मला सवलत नको," त्या रात्री ते म्हणाले. "नियम तेच ठेवून खेळता आलं तर खेळेन. नाहीतर पट माळ्यावर टाक."

गोदावरीबाई मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवायच्या. पट त्यांनी माळ्यावर टाकला नाही. तो चकचकीत पुठ्ठा खिडकीपाशी धरला, की त्यावर नुसता उजेड लखलखायचा आणि घरांच्या बारीक रेघा त्यात बुडून जायच्या. त्यांनी सुताराकडून दोन फुटी प्लायवूड आणले, त्याला बिनचकाकीचा काळा रंग दिला आणि प्रत्येक घर फिक्या पिवळ्या रंगाने ठळक उठवले. सोंगटी चाचपडताना कलंडू नये म्हणून घरागणिक एक भोक पाडले आणि खाली खुंटी असलेल्या लाकडी सोंगट्या लेथवर करून घेतल्या. लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या, अगदी भडक ऑइलपेंटमध्ये.

मयुरेश रविवारी आला. वेणीमाधवांचा धाकटा भाऊ, मनमाडला मालगाडीवर गार्ड. सुट्टी जोडून आली की नाशिकला यायचा, वहिनीच्या हातचं थालीपीठ खाऊन जायचा. त्याने पट मांडीवर घेतला, बोटे फिरवली आणि हसला.

"वहिनी, एका घरात एकच भोक?"

"मग किती हवीत?"

"माझ्या दोन सोंगट्या एका घरात आल्या तर दुसरी कुठे खोचू? कपाळावर?"

आतून वेणीमाधव म्हणाले, "बरोबर आहे. जोडी बसणार नसेल तर नियमच बदलला."

बाईंनी मग प्रत्येक घरात चार भोके पाडली. हाताला घट्टे पडले. फाशावर ठिपक्यांऐवजी बारीक खिळे ठोकले होते, तेही मयुरेशने मोडीत काढले. सहाचे तोंड जड झाल्याने ते खाली बसून वर एकच जास्त पडायला लागला होता. खिळे उपटून त्यांनी फेविकॉलचे थेंब सुकवून बसवले, आणि फासा इकडेतिकडे पळू नये म्हणून कड असलेल्या ताटलीत कापड घातले.

"आता रंगांचं सांगा, भावजी. तुमच्या दादांना पिवळा नि निळा ओळखू येतो. लाल आणि हिरवा दोन्ही काळपटच दिसतात म्हणतात. आणखी भडक करू?"

"रंगाच्या भरवशावर राहूच नका," मयुरेश चटकन म्हणाला. "खूण हाताला लागली पाहिजे. आणि ती कुठेही नाही, अंगठा जिथे आपसूक टेकतो तिथेच. लालच्या डोक्यावर टोक ठेवा, हिरव्याला एक खोल खाच, निळ्याला मधोमध भोक, पिवळी गोल गुळगुळीत. एकाला एक खाच आणि दुसऱ्याला दोन, असलं करू नका. घाईत मोजता येत नाही. आणि जी खूण सोंगटीवर, तीच तिच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर."

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"डोकं वापरलं. तुमच्या थालीपिठाचा गुण."

बाईंना कौतुक वाटले. पुढच्या रविवारी दोघे कामाला बसले. खाच पाडायला कानस, टोक घडवायला चाकू. दुपारची वेळ, खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलेले. सोळा सोंगट्या वर्तमानपत्रावर ओतल्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच चकाकीच्या. बाईंचा हात डिंकात होता.

"भावजी, हिरव्या चार द्या हो इकडे."

मयुरेशने चार उचलल्या आणि समोर मांडल्या. दोन हिरव्या, दोन लाल.

"थट्टा पुरे. हिरव्या म्हटलं मी."

त्याने सोंगट्या परत घेतल्या. उजेडाकडे धरल्या. हसू चेहऱ्यावर तसेच ठेवून एक लाल बाजूला काढली, दुसरी ठेवली, मग पुन्हा अदलाबदल केली. त्याच्या कपाळावर घाम आलेला बाईंनी पाहिला. डिसेंबर महिना होता.

माणसाच्या मनात एक कवाड उघडले की मागची सगळी उघडतात. नेहमी हिरवे टोमॅटो आणणारा मयुरेश. एका लग्नात नवरीचा शालू "तो तपकिरी" म्हणाला म्हणून सगळे पोट धरून हसले होते तो मयुरेश. बाई उठल्या, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या त्याच्या बॅगेतून हातबत्ती काढली. तीन रंगांची बत्ती. मूठ फिरवली की काचा बदलतात. मुठीच्या कडेला, अंगठा टेकतो तिथे, कानशीने घासलेली खाच होती. त्यांनी मूठ फिरवून खाच वर आणली आणि बटण दाबले. उजेड हिरवा पडला.

"ठेवा ती, वहिनी."

"दर तपासणीला पास कसे होता?"

त्याने बत्ती घेऊन विझवली. "ठिपक्यांच्या पानांत आकडे लपवलेले असतात. पुस्तक एकच, क्रम तोच. नोकरीला लागतानाच पाठ केलं. सगळी पानं अजून तोंडपाठ आहेत. सिग्नलला जागा असते, लाल खाली, हिरवा वर. बत्तीला खाच. एकवीस वर्षं झाली. कुणाचं काही बिघडलं नाही."

"कुणाचंच नाही?"

मयुरेशने बत्ती बॅगेत ठेवून चेन ओढली. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"एकदा," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी, एका लहान स्टेशनावर. डबे मागे ढकलत होते. मागच्या टोकाला पुंजा म्हणून खलाशी होता, हरसूलकडचा. त्याच्या हातात तेलाची जुनी बत्ती, काच धुराने काळवंडलेली. लांबून मला एकच उजेड दिसला, जागा नाही, वर-खाली काही नाही. मी हिरवा समजलो आणि ड्रायव्हरला ढकल म्हणून बत्ती दाखवली. पुंजा तिथेच दोन डब्यांच्या मध्ये कडी जोडत होता. पाय गेला त्याचा. चौकशीत तो सारखा म्हणत होता, मी लाल धरला होता, साहेब. मी म्हणालो, हिरवा होता. मी गार्ड, तो खलाशी. त्याने चुकीची बत्ती दाखवली असं लिहिलं गेलं."

"आणि तुम्हाला खात्री नव्हती."

"तेव्हाही नव्हती, आताही नाही. मला कधीच नसते, वहिनी."

दारात वेणीमाधव उभे होते. कधी आले ते कुणाला कळले नव्हते. चौकट धरून ते आत आले, भिंतीला हात लावत सतरंजीवर बसले आणि पटाच्या कडेवरून बोटे फिरवायला लागले.

"माझ्यासाठी खुणा सुचवत होतास, तेव्हा मला वाटलं माझ्या भावाला माझं दुःख कळतं," ते म्हणाले.

"कळतंच, दादा."

"मग बोलायचं होतंस. मला नाही दिसत, मी सगळ्या गल्लीला सांगितलं. तुला कुणी खाल्लं असतं का?"

"गाडीवरून उतरवलं असतं. टेबलावर बसवलं असतं."

"बसला असतास. कारकुनी करत मी वाढवलंच ना तुला?"

वेणीमाधवांनी कागद मागितला. गोदावरीबाईंनी शाळेच्या वहीतला दिला. वेणीमाधव सांगत होते, मयुरेश लिहीत होता. 'बत्तीचा रंग मला ओळखता येत नाही, त्या दिवशीही ओळखता आला नव्हता' एवढे एक वाक्य लिहायला त्याला अर्धा तास लागला. एक प्रत त्याने स्वतः नेऊन वरच्या साहेबांना दिली. दुसरी बाईंकडे राहिली.

महिन्याभरात त्याची नवीन तपासणी झाली. डॉक्टरांनी या वेळी पाने उलटसुलट दाखवली. मालगाडी सुटली, साहित्याच्या गुदामात काम मिळाले. जुन्या प्रकरणाची चौकशी पुन्हा लागणार असे ऐकू येत होते. सोबतचे लोक त्याच्याशी चहाला बसेनासे झाले. काहींचे म्हणणे, एकवीस वर्षं आम्ही याच्या बत्तीवर जीव टाकला होता. काहींचे, एवढं लपवलंच होतं तर शेवटपर्यंत गिळायचं. त्याने नाशिकला येणे बंद केले.

पट पुरा झाला. एका संध्याकाळी नवरा-बायको दोघेच खेळले. वेणीमाधवांच्या बोटांनी खाच शोधली, घरे मोजली, बाईंची सोंगटी मारून मागे पाठवली. कुणाला आकडा सांगावा लागला नाही. ते जिंकले, आणि जिंकल्यावर मयुरेशने सुचवलेली ती खाच चाचपत म्हणाले, "ठेवून दे." पुन्हा कधी मागितला नाही.

एप्रिलमध्ये बाई एकट्याच एसटीने हरसूलला गेल्या. बाजाराचा दिवस होता. पुंजाचे घर विचारत विचारत डोंगराच्या उतारावर पोहोचल्या. त्याची बायको बयाबाई नागलीचे पीठ चाळत होती. पाण्याचा तांब्या देऊन म्हणाली, "तो नाय आता. मागल्या पावसाळ्यात गेला. तुटल्या पायाची जखम चिघळत चिघळत वर आली."

बाईंच्या हातातला कागद तसाच राहिला.

"काय लिव्हलंय त्यात?"

बाईंनी वाचून दाखवले. दोनदा. बयाबाईने चाळण बाजूला ठेवली नाही. पीठ तिच्या हातावर बसत होते.

"तो मरंस्तवर हेच सांगत होता. लाल धरला होता, लाल धरला होता. शेवटी आमालाच खोटं वाटाया लागलं. पोरगा त्येला म्हणला, बा, आता पुरं कर. त्यानं मग बोलणंच सोडलं." तिने कागदाकडे पाहिले. "ह्या गार्डाला रंगच कळत नव्हता?"

"नाही."

"मग 'मला कळत नाय' असं त्यानं का नाय सांगितलं? हिरवा होता असं का सांगितलं?"

गोदावरीबाई उतरत्या उन्हात तिच्यासमोर बसून राहिल्या. बयाबाईने पिठाचा हात लुगड्याला पुसला, कागद घेतला, घडी घालून कणगीच्या मागे खोचला आणि म्हणाली, "पोरगा मुंबईला गवंडीकामावर हाय. आला की वाचंल. त्यानंच बापाला गप केलं होतं. त्येला लागंल हे."