जोखमीचं पान

गिरिधरची एक खोड प्रयागबाईंना कधीच पटली नाही. कागद वाचून दाखवताना तो पानं गाळायचा. तांदळातले खडे निवडावेत तसा आईला टोचेल तो मजकूर अलगद बाजूला काढायचा, आणि वर चेहरा असा, की जणू सगळं ताट वाढून झालं. पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, पण आईला काही कळत नाही हा समज काही गेला नाही. प्रयागबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण उलटलेली पानं मोजता येत होती.

कळमन्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर गावंड्यांचं शीतगृह. आठ थंड खोल्या, आणि त्यांत व्यापाऱ्यांची लाल मिरची थप्प्या लावून ठेवलेली. नवरा गेल्यावर प्रयागबाईंनीच ते वाढवलं. कारभार आता गिरिधरकडे होता, पण मोठ्या खर्चाच्या कागदावर सही आईची लागायची. आणि आईचा नियम सगळ्या ऑफिसाला पाठ होता : जी वस्तू दोन दिवाळ्यांत आपली किंमत फेडत नाही, ती दारात आणायची नाही. याच नियमावर त्यांनी वजनकाटा घेतला होता आणि याच नियमावर मोटारगाडी नाकारली होती.

त्या दिवशी मशीन विभागाची प्रमुख मिनल कागद घेऊन समोर बसली होती. मूळची मौद्याची, शिकलेली, कमी बोलणारी. तिला एक सॉफ्टवेअर हवं होतं. प्रत्येक खोलीत तापमान सांगणारी यंत्रं बसणार, सगळे आकडे ऑफिसातल्या पडद्यावर दिसणार, आणि कॉम्प्रेसर गरजेपुरतेच चालणार म्हणून विजेचं बिल उतरणार. कागद गिरिधर वाचत होता.

"खर्च सोळा लाख. विजेत वर्षाले साडेचार वाचतात, पगारात पाच. सॉफ्टवेअरची वर्षाची फी दीड. म्हणजे हाती आठ. दोन वर्षांत पैसे वसूल, आई. तुह्या नियमात बरोब्बर बसते."

"पगारात कसे वाचतात?"

"दर पाळीले दोन माणसं आहेत ना मशीनवर. एक मशीन पाहते, दुसरा दर तासाले खोल्या फिरून तापमान लिहीत राहते. पडदा आला की लिहिणाऱ्याचं काम संपलं."

मिनल खुर्चीत पुढे सरकली. "बाई, मी आधी चोवीस लाखांचा कागद दिला होता. त्यात खोल्या थंड करणारा अमोनिया गॅस गळाला तर ओरडणारी, मुख्य झडप आपोआप बंद करणारी यंत्रं होती. ती काढायला सांगितली म्हणून मी शेवटच्या पानावर—"

"ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ म्हटलं ना," गिरिधर म्हणाला. "त्या आठ लाखांतून एक रुपया परत येत नाही. ते धरले की तीन वर्षं होतात. मग आईच म्हणते, नको."

असं म्हणत त्याने पानं उलटली. एक नाही, दोन. प्रयागबाईंनी ते पाहिलं.

"मागचं पान काय आहे गा?"

"जोखीम. प्रत्येकच कागदाले असते. नेट बंद पडलं तर काय, माणसं शिकली नाहीत तर काय. नेहमीचंच रडगाणं."

मिनलने बाईंकडे पाहिलं. बाहेर मिरचीचा ट्रक लागला होता, हमाल वजनावरून भांडत होते, समोरचा चहा थंड होऊन राहिला होता. प्रयागबाईंनी पेन मागितलं आणि सही केली.

पडदा आला. आठ खोल्यांचे आठ चौकोन, सगळं ठीक असलं की हिरवे. पहिल्याच उन्हाळ्यात बिल उतरलं आणि गिरिधर पाहुण्यांना पडदा दाखवत सुटला. तापमान लिहिणारे तिघेही घरी गेले. दिवसपाळीच्या मशीनवर मनोहरराव एकटे उरले. शीतगृह सुरू झालं तेव्हापासूनचा माणूस, खांद्यावर कायम एक ओला पंचा. प्रयागबाईंशी त्यांचं भांडण जुनं आणि रोजचं. "माहा मशीन तुमच्यापेक्षा कमी बोलते, बाई," असं तोंडावर म्हणणारा तो एकटाच.

एकदा ते पडद्यासमोर येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "याले समदं दिसते, पण वास येते का याले?" सगळे हसले. प्रयागबाईही हसल्या.

पोळ्याच्या आधीची दुपार. ऑफिसात डबे उघडले होते, पडद्यावर आठही चौकोन हिरवे होते. आधी हमाल खोकत पळाले, मग डोळ्यांत तिखट पाणी आलं. मशीन रूमच्या दारातून पांढरा धूर जमिनीलगत सरपटत येत होता. अमोनियाबरोबर मशीनचं तेल वाहत जातं आणि टाकीच्या तळाशी साचतं. ते मधून मधून खालची झडप उघडून काढावं लागतं. हे काम दोघांचं. एक झडपेशी, दुसरा दाराजवळ मुख्य झडपेवर हात ठेवून. तेल संपून गॅस यायला लागला आणि खालची झडप अडकली, तर दुसऱ्याने मुख्य झडप पिळून बंद करायची. हा दुसरा माणूस म्हणजे इतकी वर्षं तोच, खोल्या फिरून तापमान लिहिणारा. हिशेबात त्याचं लिहिणं धरलं होतं, उभं राहणं कुणी धरलं नव्हतं.

झडप अडकली. मनोहरराव तिच्याशी झुंजत राहिले. मिनल तोंडाला गॅसचा मुखवटा बांधून आत गेली, मुख्य झडप बंद केली आणि त्यांना पायाला धरून ओढत बाहेर आणलं. तोवर त्यांचे डोळे दुधासारखे झाले होते. छाती आतून भाजली होती. दवाखान्यात दोन दिवस काढले आणि ते गेले.

पडदा शेवटपर्यंत हिरवाच होता. खोल्या थंडच होत्या ना.

पोलीस आले. कारखाना निरीक्षक पंचनामा करून गेला आणि आठ दिवसांत सगळे कागद मागितले. प्रयागबाई मनोहररावांच्या घरी गेल्या. बायजाबाई, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिने पाणी दिलं, रीत म्हणून. मग म्हणाली, "दुसरा माणूस पायजे म्हणून रोज बोलत होते. तुमच्यापर्यंत आलं नसंन." अख्ख्या कळमन्याला ज्यांच्या जिभेची धास्ती, त्या बाई भरलेला गिलास तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवला तर मिनल राजीनामा घेऊन उभी.

"काहून वं?"

"गिरिधरसाहेब म्हणतात, निरीक्षकाला कागद शेवटच्या पानाशिवाय द्यायचा. आणि मी लिहून द्यायचं, की नियम दोघांचा होता, मनोहररावांनी तो मोडला. मला नाही जमणार, बाई."

प्रयागबाईंनी गिरिधरला बोलावलं. तो आला तो वकिलाशी फोनवर बोलतच.

"फोन ठेव. तो कागद आण."

"आई, वकील म्हणते—"

"वकिलाले मी जन्म दिला नाही. कागद आण."

त्याने कागद आणला. प्रयागबाईंनी चष्मा पुसला आणि थेट शेवटचं पान काढलं. ते मराठीत होतं. अक्षरं ठळक, ओळी मोकळ्या, चौथी शिकलेल्या डोळ्यांना झेपतील अशा. मिनलने ते त्यांच्यासाठीच तसं लिहिलं होतं. प्रयागबाई बोट ठेवत, शब्द जोडत, मोठ्याने वाचू लागल्या.

"'जोखीम. हे सॉफ्टवेअर तापमान पाहते, गॅस पाहत नाही. गॅसची यंत्रं आत्ता घ्यायची नसतील, तर दुसरा माणूस कमी करू नये. तो फक्त आकडे लिहीत नाही. तेल काढताना तोच मुख्य झडपेवर असतो. एकटा माणूस तेल काढायला गेला, तर तो जिवंत बाहेर येईल याची हमी हा विभाग देऊ शकत नाही. दुसरा माणूस ठेवल्यास पैसे वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतील. विभागाची शिफारस आहे, की जास्त लागू द्यावेत.'"

वाचायला वेळ लागला. हे सगळं वाचायला त्या दिवशीही तेवढाच वेळ लागला असता.

गिरिधर म्हणाला, "हे पान गेलं तर मले आत टाकतील, आई. मनोहररावानं एकट्यानं झडप उघडली, हे काय खोटं आहे?"

"त्याच्या जोडीचा माणूस कोणी काढला?"

"दोन दिवाळ्यांचा नियम तुहाच आहे."

ते वर्मी बसलं. प्रयागबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मशीन रूमच्या दाराशी पडलेला मनोहररावांचा पंचा अजून कुणी उचलला नव्हता. वाळून कडक झाला होता.

"हो, माहाच आहे," त्या म्हणाल्या. "निरीक्षकाले तेही सांगीन. तू दोन पानं एकदम उलटली, हे मी पाह्यलं अन् सही केली, हेही सांगीन. म्हातारीले ठेवायचं तर ठेवतील आत." मग त्या मिनलकडे वळल्या. "राजीनामा फाड. गॅसच्या यंत्राचा कागद नवा कर, मराठीत. परत किती येते, त्या खान्यात काई लिहू नको."

मिनलने मान हलवली. राजीनामा तिने फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. प्रयागबाईंनी तेही पाहिलं, आणि तिच्यावर रागावल्या नाहीत.

गिरिधर अजून उभाच होता. कागद घ्यायला हात पुढे करावा की नाही, हे त्याला कळत नव्हतं. प्रयागबाईंनी चारही पानं एकावर एक नीट लावली, टाचणी टोचली आणि त्याच्या हातात दिली.

"आयक गिरिधर. उद्या हा कागद तूच नेशीन निरीक्षकाकडे. चारी पानं. मी मागं बसून मोजीन. अन् आल्यावर तुह्या खुर्चीत बसायचं नाही. काढलेली माणसं बाकीच्या पाळ्यांत परत येतील, अन् यंत्रं लागेपर्यंत दिवसपाळीत दुसरा माणूस तू. मिनल शिकवंन तुले. मुखवटा बांधायचा, मुख्य झडपेवर हात ठेवायचा, अन् आतला माणूस बाहेर आल्याबिगर तिथून हलायचं नाही. लोकाच्या जिवावर पानं गाळली तू. आता एक माणूस राखून दाखव, मग मले आई म्हण."