एकाच माहितगाराचा शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत 'थोरली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संपादिकेने ती चूक केली, ती आईवरच्या मायेपोटी. तिच्या जागी दुसरी कोणी असती, तर थोरलीनेच तिला फाडून खाल्ले असते.

परक्या भाषांतून आलेल्या शब्दांची पुरवणी तिच्याकडे होती. शब्द मराठीत आला तेव्हाचाच अर्थ अजून टिकला आहे की बदलला, हे प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचे. त्यासाठी नियम तिनेच घालून दिले होते. मूळ भाषेचे दोन माहितगार, वेगवेगळे विचारायचे, त्यातला एक तरी मराठी न जाणणारा. त्यांना अर्थ सुचवायचा नाही, वाक्य करायला लावायचे. शिवाय दोन्ही भाषांतली जुनी, सालवार नोंदलेली वाक्ये शेजारी ठेवून पाहायची. गुजरातीसाठी दोन गृहस्थ मिळाले. 'दादर' म्हटल्यावर दोघांनी न सांगता जिन्याकडे बोट दाखवले. कोकणीचेही तसेच झाले. कन्नडच्या चाळीस चिठ्ठ्यांची वेळ आली आणि तिला वाटले, घरात कन्नड माहेरची आई असताना बाहेर कशाला हिंडायचे?

आई पंधराव्या वर्षी लग्न होऊन मराठी घरात आली, त्याला पंचावन्न वर्षे झाली. वडील गेल्यापासून ती खिडकीशी बसून असायची. चिठ्ठ्या घेऊन लेक समोर बसली की मात्र सरसावून बसे, चष्मा पुसे, शेजारणीला सांगे, ''पुस्तकात माझं नाव येणार आहे.'' लेकीलाही घाई होती. तिने विचारले ते असे, ''ताई म्हणजे मोठी बहीण ना गं?'' आई ठामपणे हो म्हणाली. चिठ्ठीवर शिक्का पडला, 'अर्थ कायम'. बाकीच्या चिठ्ठ्यांवरही असेच शिक्के पडत गेले.

छपाईला चार दिवस उरले असताना मुद्रिते तपासायला आलेल्या नव्या बाईंनी पुरवणीचे पान तिच्या टेबलावर ठेवले. बाईंचे माहेर कन्नड. त्या हळूच म्हणाल्या, ''आमच्याकडे मोठी बहीण म्हणजे अक्का. तायी म्हणजे जन्म दिला ती. हाक मारताना कुणाही बाईला आदरानं तायी म्हणतात, पण नातं सांगताना नाही.''

 थोरलीने चाळीसही चिठ्ठ्या बाईंच्या वडिलांकडे पाठवल्या, नुसते शब्द, अर्थ न लिहिता. म्हाताऱ्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने सांगितलेली वाक्ये, बाईंनी वेगळी करून दिलेली वाक्ये आणि जुन्या पुस्तकांतली वाक्ये जुळली. तूप तूपच होते, अक्का अक्काच. पण नऊ शब्दांच्या बाबतीत आईने मूळ अर्थ न सांगता मराठी अर्थच सांगितला होता.

प्रमुख संपादक म्हणाले, नऊ चिठ्ठ्या बदला, आईचे नाव पुरवणीत राहू द्या, म्हातारीला बरे वाटेल. पण नाव राहिले तर उरलेल्या एकतीस चिठ्ठ्याही तिच्या भरवशावर तपासल्या असे ठरेल, आणि ते खोटे होते. थोरलीने नावावर काट मारली. मारताना तिला रडू आले. नियम आपल्याला ठाऊक होता, आणि आईला खूश करायला आपणच तो मोडला, याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी तिने आईला सगळे सांगितले. आईने बराच वेळ चष्म्याची काडी उघडली, मिटली.

''म्हणजे माझं कन्नड चुकलं?''

''नाही गं. इतकी वर्षं कुणाशी कन्नड बोलली नाहीस. मराठी आत शिरलं.''

''माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. एवढं तरी बरोबर आहे?''

लेक हो म्हणाली.  आई म्हणाली, ''त्या बाईंना एकदा घेऊन ये. म्हणावं, माझ्याशी मराठीत बोलू नका.''

रविवारी बाई आल्या. त्यांनी आपले घर, अंगण, शाळा, बहिणी, सगळे काही कन्नडमध्ये सांगितले. आई नवी साडी नेसून ताठ बसली होती. ती हसायची, मान हलवायची, मध्येच एखादा शब्द ओठांशी आणून गिळायची. लेकीला वाटले, आईच्या कन्नडची गाठ सुटली एकदाची. अर्ध्या तासाने बाई निघाल्या. आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हणाली, सावकाश जा.

दार लागल्यावर ती खुर्चीत टेकली.

''छान बोलते गं,'' ती म्हणाली. ''थोडं थोडं कळलं मला.''