कुलूपबंद घराच्या शेजारी

संजीवनी मळ्यात मिरची तोडत होती तेव्हा तो फोन आला. ओळखीचा नंबर नव्हता. डाव्या हातात ओच्याचं टोक, उजव्या हाताची बोटं तिखट झालेली. तिनं कोपरानं कसाबसा फोन कानाशी धरला.

"सत्यभामाबाईचं पार्सल हाये, पुण्यावरून," पलीकडून माणूस म्हणाला. "घराले तं कुलूप हाये. ओटीपी आला असंन तुमच्या मोबाईलवर, तेवढा सांगा."

पुण्यावरून म्हणजे प्राचीनं पाठवलेलं. संजीवनीच्या धाकट्या दिराची, जीवनची, बायको. दिवाळीत जीवन आईला पुण्याला घेऊन गेला होता. तिथं सत्यभामाबाईंचे कान तपासले, मापं घेतली आणि ऐकायचं मशीन तयार झालं की पाठवतो म्हणून सांगितलं. तेव्हापासून वडनेरच्या घरात दुसरा विषय नव्हता. दारात येणाऱ्या प्रत्येकीला सत्यभामाबाई सांगायच्या, "माही लहानी सून मशीन पाठवून राह्यली."

आणि मोठी सून? ती सात-आठ वर्षांपासून या बाईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत आली होती. दवाखाना, औषधं, पाय चेपणं, सगळं. तिचं नाव सासूबाईंनी कधी दारात काढल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यातून प्राचीचा फोन आला की स्पीकर लावूनही सत्यभामाबाईंना अर्धंच कळायचं. मग प्राचीचं ते गोड बोलणं संजीवनीनंच त्यांच्या कानात ओरडून सांगायचं. "प्राची म्हणते, तुमची लय आठवण येते!" असं जावेच्या वतीनं ओरडताना तिचा घसा दुखायचा, आणि त्याहून जास्त आणखी काहीतरी दुखायचं.

तिनं ओटीपी सांगून टाकला. "घरी कोणी नाही तं शेजारी द्या कोणाले बी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कोणाच्या हातात देता, नाव काय, हे तिनं विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही.

संध्याकाळी घरी आली तर सत्यभामाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या.

"कोठी गेलत्या दुपारी?" तिनं ओरडून विचारलं.

"कोठी जाऊ? घरीच होती मी. दार उघडंच होतं."

संजीवनी थांबली. मग कुलूप कशाचं? तिनं शेजारच्या दोन्ही घरी विचारलं. समोरच्या अन्नपूर्णाबाईंनाही विचारलं. कोणाकडे पार्सल आलं नव्हतं. दुपारच्या नंबरवर फोन लावला, तर कुरिअर कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज लागला. हा नंबर आता उपलब्ध नाही, एवढंच बोलला.

तिनं नवऱ्याला, रामला, काही सांगितलं नाही. सासूलाही नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री तिला बरं वाटलं. गेलं तर गेलं. दारात उभं राहून सांगायला आता काही राहिलं नाही. असा विचार मनात आला म्हणून ती थोडी दचकली, पण तो विचार तिनं हाकलला नाही.

दोन दिवसांनी प्राचीचा फोन आला.

"ताई, मशीन लावून बघितलं का आईंनी?"

"कोणतं मशीन? आलंच नाही अजून."

 प्राची अगदी हळू, अगदी नीट म्हणाली, "ताई, इथं तर डिलिव्हर झालं असं दिसतंय. घरच्या माणसानं घेतलं, असं लिहिलंय. आणि ओटीपी जुळलाय. महागाची वस्तू म्हणून ओटीपीशिवाय देतच नाहीत ते. मी तुमचाच नंबर दिला होता ना?"

"हाव, मले आला होता. मी मळ्यात होती. तो म्हणे घराले कुलूप हाये, मी म्हणलं शेजारी दे."

"पण आई तर घरीच असतात दुपारी."

"तेच तं मी म्हणून राह्यली..."

"बघा ना जरा, ताई. कुठं ठेवलं गेलं असेल तुमच्याकडून." प्राचीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर संजीवनीनं भांडून घेतलं असतं. त्या आवाजात समजूतदारपणा होता, आणि तोच तिला टोचला.

जेवताना जीवनचा फोन रामला आला. राम बाहेर जाऊन बोलला आणि आत येऊन ताटावर बसला. बायकोकडे न पाहता त्यानं विचारलं, "तू घेतलं का ते?"

"घेतलं असतं तं काय लपवून ठेवलं असतं मी? माह्या कानाले लावाले?"

रामनं भाकरी मोडली. सत्यभामाबाईंना शब्द कळले नव्हते, पण तोंडं वाचता येत होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या नजरेनं संजीवनी रात्रभर जळत राहिली. पार्सल हरवलं याचं तिला दुःख नव्हतंच. पण चोरी केल्याचा आळ, तोही त्या पुण्याच्या बाईमुळे, तिला पचणार नव्हता.

सकाळी तिनं प्राचीला एकच मेसेज केला: पार्सलचा नंबर पाठव. नंबर आला, आणि ती नांदुऱ्याच्या गाडीत बसली.

कुरिअरचं ऑफिस स्टेशनकडच्या रस्त्यावर एका शटरच्या गाळ्यात होतं. आत पार्सलांचा ढीग होता आणि कॉम्प्युटरवर देवानंद नावाचा तरुण बसला होता. तिनं मोबाईलवरचा नंबर दाखवला.

"हे तं डिलिव्हर हाये, ताई," तो म्हणाला. "ओटीपी जुळला की आमच्याकडून बंद होते. तक्रार करायची असंन तं ज्यानं पाठवलं त्यानंच करा लागते."

"तक्रार नाही करायची. कोणाच्या हातात दिलं तेवढं सांगा."

"घरचा माणूस म्हणून टाकलं हाये."

"घरचा माणूस मी हावो. मी मळ्यात होती. फोनवर ओटीपी सांगतला."

देवानंदनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "फोनवर? तो तं वस्तू हातात आल्यावर सांगाचा असते." पण तिचा चेहरा पाहून त्यानं पुढं ताणलं नाही. त्यानं पार्सलं वाटणाऱ्या कचरूला स्पीकरवर फोन लावला. वडनेरकडची गल्लीबोळं कचरूच्याच वाट्याला होती. तो गाडीवर होता, मागं वारा ऐकू येत होता.

"ते? हाव, दिलं ना," कचरू म्हणाला. "घराले कुलूप होतं. मॅडमनं शेजारी द्या म्हणलं, बाजूच्या म्हातारीकडे दिलं. घरचा माणूस म्हणून टाकलं, शेजाऱ्याचं नाव पुसाचं राहूनच गेलं. फोटो काढेल हाये."

देवानंदनं फोटो उघडला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. एका दारात पुठ्ठ्याचं खोकं होतं, ते धरलेले सुरकुतलेले हात, हातात हिरव्या बांगड्या. म्हातारीचा चेहरा नव्हताच. पण दाराशेजारच्या भिंतीवर लग्नात रंगवलेली अक्षरं होती, अर्धी कापली गेलेली. 'भागवत' आणि खाली 'पुष्पां'.

"हे तं भगवानरावचं घर हाये," संजीवनी म्हणाली. "मागच्या गल्लीतलं. त्याच्या पोराचं, भागवतचं, लग्न झालं ना उन्हाळ्यात. हे आमचं शेजारी नाही."

देवानंदनं नकाशा उघडला. पत्त्यासोबत पुण्याहून जी खूण टाकलेली होती ती मागच्या गल्लीत होती. पत्त्यात मंदिराजवळ एवढंच होतं आणि मंदिराला दोन्ही गल्ल्या लागून. "पाठवणाऱ्यानंच खूण चुकीच्या ठिकाणी टाकली," तो म्हणाला. "कचरू तिथल्याच घरापुढं उभा राह्यला असंन. ते कुलूप त्याईचं."

खूण होती ते भगवानरावच्या बाजूचं जानरावचं घर. म्हणजे कुलूप खरं होतं. तिनं सांगितलेलं सगळं खरं होतं. संजीवनीला इतकं हलकं वाटलं की ती तिथल्या एका खोक्यावर बसली. आणि लगेच दुसरा विचार आला: चूक प्राचीची. पुण्यात बसून नकाशावर बोट ठेवायचं तेही धड ठेवता आलं नाही. हा विचार तिनं परतीच्या गाडीत चघळत आणला, शेंगदाण्यासारखा.

भगवानरावांची आई गोजरबाई दारातच बसली होती.

"पार्सल? हाव बाप्पा, हाये ना," म्हातारी म्हणाली. "तो पोट्टा म्हणे बाजूच्याचं हाये, आले की द्या. जानराव तं लेकीकडे गेला हाये, तो कधी येते काय माहीत. मले वाचता येत नाही. सून माहेरी गेली. म्हणून दाण्याच्या कोठीवर ठेवलं, उंदीर नाही लागले पाह्यजे." आत जाऊन तिनं खोकं आणलं. पदरानं पुसून दिलं.

खोकं अगदीच लहान होतं. संजीवनी ते घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. ते सापडलंय हे आत्ता तिला आणि गोजरबाईला सोडून कोणाला माहीत नव्हतं. लेबलवर सासूबाईंचं नाव होतं आणि पाठवणाऱ्याच्या जागी प्राचीचं, ठळक अक्षरांत. संजीवनीचा नुसता मोबाईल नंबर, कोपऱ्यात. उद्या पुन्हा दारादारात 'माही लहानी सून' सुरू होईल. बाजूला मंदिराची विहीर होती. तिनं विहिरीकडे पाहिलं, आणि आपण पाहिलं याचीच तिला भीती वाटली. ती भराभर घरी आली.

राम मशीनबरोबरचा कागद वाचत होता, संजीवनीनं ते सासूच्या कानामागं बसवलं. कानातला साचा नीट जागी बसेपर्यंत दोनदा काढावा लागला. सत्यभामाबाई एकदम दचकल्या. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. त्या दाराकडे पाहू लागल्या.

"ऐकू येऊन राह्यलं का?" संजीवनीनं सवयीनं ओरडून विचारलं.

"येवढ्या मोठ्यानं काऊन बोलतं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी काय बहिरी हावो?"

राम हसला. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. प्राची दिसली, बोलली, आणि सत्यभामाबाईंना सगळं कळलं, कोणी ओरडून सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जुग जुग जी माय," त्या म्हणाल्या. संजीवनी मागं उभी होती. तिनं फोन हातात घेतला आणि अंगणात आली.

"कोठी सापडलं ते पुसलं नाही तू," ती म्हणाली.

"सांगा ना, ताई."

संजीवनीनं सगळं सांगितलं. मागची गल्ली, नकाशावरची खूण, जानरावचं कुलूप, गोजरबाई. आणि मग, सांगायचं नव्हतं तेही तोंडून निघालं. "मी बी नीट पुसलं नाही त्याले. तुह्यं पार्सल हाये म्हणून म्हणलं, दे कोणाले बी. माह्या नावाचं असतं तं पळत आली असती मी."

 "मी काल तक्रार टाकली," प्राची म्हणाली. "त्यात लिहिलं होतं, घरातल्याच कोणीतरी घेतलं असावं. मला वाटलं होतं... सॉरी, ताई."

"ते काढ. आता काढ. मी फोन नाही ठेवत."

पलीकडे बोटांचा टकटक आवाज झाला. "काढली. पार्सल मिळालं, चूक पत्त्याच्या खुणेची, असं लिहिलं."

"बरं," संजीवनी म्हणाली.  फोन ठेवला गेला.

आत सत्यभामाबाई भांड्यावर चमचा वाजवून पाहत होत्या, लहान पोरासारख्या. संजीवनी दारात उभी राहिली. उद्यापासून तिला ओरडावं लागणार नव्हतं. घसा सुटला. पण ती कितीही हळू, कितीही मायेनं बोलली तरी तिचा शब्द सासूच्या कानात जाणार तो प्राचीच्या मशीनमधूनच. हे तिला खुपलं, आणि खुपतच राहणार होतं.

"संजीवनी," सत्यभामाबाईंनी हाक मारली, "रात्री हे काढून ठेवा लागते का? मले नाही येणार. तूच काढजो."

"हाव," ती म्हणाली, साध्या आवाजात. तेवढं ऐकू गेलं.