काळं दिसतंय

लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस अर्धा डॉक्टर असतो, असं लोक मला म्हणतात. म्हणू देत. डॉक्टरला निदान रोग कुठे आहे ते रोगी सांगतो. माझ्याकडे येणारा प्रत्येकजण एकच वाक्य घेऊन येतो, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." आपोआप काही बंद पडत नसतं. बारा वर्षं शहरातल्या छावणी भागात दुकान चालवून एवढं तरी मला कळलंय.

त्या मे महिन्यात मात्र मी हर्सूलच्या पुढे, नव्या इमारतींच्या रांगेत, एका घरी गेलो होतो. तिथला तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या आणि इमारती मात्र दर महिन्याला एक मजला चढत होत्या. खाली टँकर आला होता. बादल्या घेऊन बायका जिन्यात उभ्या होत्या, त्यांतूनच अंबिकाकाकू मला वर घेऊन गेल्या. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हाताने मला खुणा. बादली मी घेतली तर म्हणाल्या, "ते राहू द्या हो, आधी कॅमेरा बघा. साडेआठला मिहिरचा फोन आहे."

मिहिर त्यांचा एकुलता एक. कॅनडात. कागदपत्रं अडकलेली, त्यामुळे निघता येत नव्हतं. आणि इकडे मधुसूदनकाका, त्याचे वडील, आतल्या खोलीत. जबड्याचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झालेलं. रोग परत आला होता, आणि डॉक्टरांनी आता महिन्यांचं नाही, दिवसांचं बोलायला सुरुवात केली होती. मिहिरने ऑपरेशननंतर बापाला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"दर वेळी काळंच दिसतं," काकू म्हणाल्या. "हे त्याला टाइप करून कळवतात, कॅमेरा खराब आहे. काल तो रडला. म्हणाला, आई, मला बाबांना एकदा बघायचंय."

"फोनवरून दाखवा की."

"माझा बटणांचा. यांचा मोठा आहे, पण तो यांच्याच बोटाने उघडतो. कुणाच्या हातात देत नाहीत."

माझ्या खिशात माझा फोन होता. तेव्हाच काढून द्यायला हवा होता, पाच मिनिटांत काम झालं असतं. पण दुरुस्तीला येऊन दुसऱ्या यंत्रावर काम भागवायचं म्हणजे हार, आणि हरणं मला जमत नाही. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. म्हटलं, "काकू, याच्यावरच चालू करून देतो."

काका टेबलावरच्या लॅपटॉपसमोर खुर्चीत बसले होते. डोळ्यांच्या खालपासून गळ्यापर्यंत पंचा गुंडाळलेला. या उन्हाळ्यात निम्मं शहर तोंड बांधून फिरतं, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. बोलता येत नव्हतं. जिल्ह्याच्या कचेरीत तीस वर्षं कारकून, टंकलेखनात पहिला नंबर, हे काकूंनीच सांगितलं. त्यांनी मला नमस्कार केला, मग मान हलवली. नको म्हणून. मला वाटलं, माझ्यावर भरवसा नाही.

"घाबरू नका काका, तुमचं काहीच पुसलं जाणार नाय."

आधी कॅमेऱ्यावरची सरकती पट्टी बघितली. ती उघडी होती. मग कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं कॅमेऱ्याच्या चित्राचं बटण. त्यावर नारिंगी दिवा लागलेला. म्हणजे कॅमेरा तिथेच तोडलेला. बटण दाबलं, दिवा विझला.

"हे तर वरच्या मजल्यावरच्या हिमांशूने महिन्याभरापूर्वी केलं होतं," काकू म्हणाल्या. "तेव्हा चालू झाला होता. दुसऱ्या दिवशी मिहिरच्या फोनच्या वेळी परत काळं."

तरीही कॅमेरा सापडत नव्हता. सेटिंग्जमध्ये गेलो, प्रायव्हसीत. तिथे ॲप्सना कॅमेरा वापरायची परवानगीच बंद. ती चालू केली. अजून नाही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. ड्रायव्हर बिघडला असता तर नावावर पिवळा त्रिकोण दिसला असता. इथे त्रिकोण नव्हता. खाली तोंड केलेला छोटा बाण होता. तो बाण बिघाडाने येत नाही. कुणीतरी आत जाऊन, नावावर उजवं बटण दाबून, बंद करा म्हटलं, यंत्राने खरंच बंद करू का विचारलं, त्याला हो म्हटलं, तेव्हा येतो.

माझा हात थांबला.

बिघाड एका जागी बसतो. तीन-तीन दारांना आतून कड्या यंत्र लावत नाही, माणूस लावतो. एक कुणी उघडली की पुढची, आणखी आतली. मी काकांकडे बघितलं. त्यांनी हात जोडले होते, मघाच्यासारखे नमस्कारासाठी नाही. डोळ्यांत पाणी होतं.

मला सगळं कळलं होतं. हे खोटं सांगायला नको.

"होईल ना हो चालू?" काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या लेकराला बापाचं तोंड तरी दिसू दे."

मी बाण काढला. कॅमेऱ्याचं ॲप उघडलं तर माझाच घामेजलेला चेहरा दिसला, आणि खरं सांगतो, आनंद झाला मला. कॉल मात्र ब्राउझरमधून व्हायचा होता, आणि तिथेही त्या साइटला कॅमेरा नाकारलेला. चौथी कडी. पत्त्याच्या पट्टीजवळ दाबून परवानगी दिली, पान पुन्हा उघडलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

साडेआठला मिहिर दिसला. तिशीचा, दाढी वाढलेली, पलीकडे खिडकीत रात्र.

"बाबा! दिसताय बाबा! पंचा कशाला गुंडाळलाय?"

"थांब," काकू म्हणाल्या, आणि चार महिने ज्या हातांनी त्या जखमेची पट्टी बदलत होत्या, त्याच सवयीच्या हातांनी त्यांनी पंचा सोडवला.

त्यांना त्या चेहऱ्याची सवय झाली होती. मला नव्हती. गालाची एक बाजू उरलीच नव्हती, आणि जे उरलं होतं ते जागेवर नव्हतं. मी भिंतीकडे बघायला लागलो.

मिहिरच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. नुसता आवाज. लगेच स्क्रीनवरची त्याची चौकट काळी झाली, मध्ये फक्त त्याचं नाव राहिलं. आवाजही बंद.

"परत गेलं का?" काकू माझ्याकडे वळल्या. "बघा ना जरा, काय झालं ते."

बघायला काही नव्हतंच. आमचा कॅमेरा चालू होता, भिंगाशेजारी पांढरा दिवा जळत होता. मिहिरने स्वतःचा बंद केला होता. हे मी त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

"तिकडची रेंज गेली असंल, काकू."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, लिहायची चौकट उघडली आणि दहाही बोटांनी, न अडखळता टाइप केलं. पहिला नंबर उगाच मिळालेला नव्हता.

"मिहिर, आमचा कॅमेरा पुन्हा बंद पडला. तुला काही दिसलं नसेल."

पांढरा दिवा त्यांच्या उघड्या चेहऱ्यासमोर जळतच होता. तिकडे तो त्यांना हे टाइप करताना बघतही असेल. काकूंनी पंचा झटकून घडी घातली.

मग उत्तर आलं.

"नाही बाबा. काळंच दिसत होतं."